पाळीच्या दिवसांत जुलाब आणि पोटात मुरडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळी आली की त्याच दिवशी तीन-चार वेळा संडासला जावं लागतं. हे मलाच होतं का?

नाही. हे इतकं सर्रास आढळतं की पाळीच्या दुखण्यासाठी कुणी ओपीडीत आली की मी स्वतःहून विचारते, "आणि त्या दिवशी पोट कसं असतं? संडासला पातळ होतं का?" उत्तर देण्याआधी बऱ्याचजणी आधी दाराकडे बघून घेतात. मग हळूच म्हणतात, "हो, पण त्याचा पाळीशी काय संबंध? आदल्या दिवशी बाहेरचं खाल्लं होतं." पुढच्या महिन्यातही आदल्या दिवशी काहीतरी खाल्लेलं असतंच. त्यामुळे दोष पाणीपुरीवर जातो आणि खरं कारण वर्षानुवर्षं लक्षात येत नाही.

मग संबंध नेमका काय?

गर्भपिशवीचं आतलं अस्तर पाळीआधीचे साधारण दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या आधारावर टिकून असतं. गर्भ राहिला नाही की पाळीच्या आधी हे हार्मोन झपाट्याने उतरतं. आधार सुटला की अस्तरातल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करू लागतात. त्यांचं काम गर्भपिशवीचे स्नायू आवळायचं, म्हणजे सुटलेलं अस्तर बाहेर पडतं. ओटीपोटात आणि कमरेत येणारी कळ ती हीच. १९५७ साली ब्रिटनमध्ये पिकल्स या शास्त्रज्ञाने पाळीच्या स्रावातच स्नायू आवळणारा पदार्थ असल्याचं दाखवलं, तेव्हापासून या कळांचं कारण शोधण्याला दिशा मिळाली. त्याआधी "मनाचे खेळ" म्हणून कितीतरी बायकांची बोळवण झालेली आहे.

आता मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग गर्भपिशवीला अगदी मागून लागून असतो. शिवाय ही रसायनं थोड्या प्रमाणात रक्तातही उतरतात. आतड्याचा स्नायू गर्भपिशवीच्या स्नायूसारखाच, आपल्या इच्छेवर न चालणारा. प्रोस्टाग्लँडिन पोहोचलं की तोही आवळतो आणि मुरडा येतो. त्याच वेळी आतडं पाणी शोषून घेण्याऐवजी आत सोडू लागतं. म्हणजे मल पुढे ढकलला जाण्याचा वेगही वाढतो आणि त्यातलं पाणीही. यालाच आपण लूज मोशन म्हणतो.

याचा पुरावा प्रसूतिगृहात रोज दिसतो. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना तर गर्भपिशवी आवळावी म्हणून कार्बोप्रॉस्ट नावाचं इंजेक्शन देतात. ते प्रोस्टाग्लँडिनचंच औषधी रूप. ते दिल्यावर बाळंतिणीला पुष्कळदा जुलाब होतात आणि सिस्टरांना ते ठाऊक असतं. पाळीत शरीर तेच रसायन स्वतः बनवतं, मात्र कमी प्रमाणात.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात तर उलट पोट साफच होत नाही. मग एकदम जुलाब कसे?

दोन्ही एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. स्त्रीबीज सुटल्यानंतर साधारण दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन चढलेलं असतं. त्याचा गुण स्नायू सैल ठेवण्याचा, त्यामुळे आतडं सुस्तावतं, मल जास्त वेळ आत राहून घट्ट होतो, पोट गच्च वाटतं, सलवारीची नाडी सैल करावी लागते. ते उतरलं की आतड्यावरचा हात निघतो आणि वरून प्रोस्टाग्लँडिनचा रेटा येतो. म्हणून पहिल्या दिवशीचा क्रम अनेकींचा असाच असतो: पहिली शी घट्ट, दुसरी मऊ, तिसरी पातळ. अन्नातून झालेल्या जुलाबात ती घट्ट पहिली शी सहसा नसते. पाळीच्या जुलाबात तापही नसतो आणि घरात दुसऱ्या कुणाचं पोट बिघडलेलं नसतं.

पोट साफ व्हावं म्हणून मी रात्री चूर्ण घेते. चालेल ना?

पाळी जवळ आलेली असताना नको. बाजारातल्या बऱ्याच रेचक चूर्णांत सोनामुखी असते. ती मोठ्या आतड्याला डिवचून हलवते आणि रात्री घेतली की तिचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी होतो. पाळीच्या आदल्या रात्री घेतलेलं चूर्ण आणि पाळीच्या सकाळचं प्रोस्टाग्लँडिन एकाच वेळी कामाला लागतात. मग सातआठ वेळा संडास होते आणि पाळीलाच दोष मिळतो. एरंडेलाचंही तेच. डब्यावरची घटकांची यादी वाचून बघा, सोनामुखी किंवा सनाय असं लिहिलेलं असतं.

त्या आठवड्यात इसबगोल बरा. रात्री एक चमचा, पूर्ण ग्लासभर पाण्यात, आणि वरून अजून थोडं पाणी. तो आतड्याला डिवचत नाही. घट्ट मलात पाणी धरून ठेवतो आणि पातळ मलातलं पाणी शोषून त्याला आकार देतो, त्यामुळे पाळी सुरू झाल्यावरही चालू ठेवता येतो. पाणी कमी घेतलंत तर मात्र तोच पोट जड करतो.

कुठली गोळी घ्यावी? पाळीच्या दुखण्याची गोळी घेतली तर जुलाबही थांबतात का?

योग्य जातीची आणि योग्य वेळी घेतली तर बहुतेकींचे दोन्ही कमी होतात, कारण मूळ एकच आहे. इबुप्रोफेन आणि नॅप्रोक्सेन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. इथे वेळेला फार महत्त्व आहे. तयार होऊन बाहेर पडलेलं रसायन गोळी परत घेऊ शकत नाही. म्हणून "सहन होईना तेव्हा घेते" ही पद्धत जवळपास वाया जाते. पहिली बारीक कळ आली किंवा पहिला डाग दिसला की लगेच घ्यायची. ज्यांची पाळी घड्याळासारखी येते त्यांना आदल्या दिवसापासूनही सुरू करता येते.

प्रौढ स्त्रीसाठी इबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, काहीतरी खाल्ल्यावर, गरजेनुसार दर आठ तासांनी, दिवसाला तीनपेक्षा जास्त नाही, असं दोन किंवा तीन दिवस. प्रोस्टाग्लँडिनचा जोर पहिल्या ४८ तासांतच सर्वाधिक असतो, त्यापुढे गोळी चालू ठेवून फारसं मिळत नाही. पॅरासिटामॉल पोटाला सौम्य आहे, पण या रसायनावर त्याचा जोर कमी, त्यामुळे जुलाबांवर त्याचा उपयोग फारसा होत नाही.

कुणी घेऊ नये, हेही तितकंच पक्कं लक्षात ठेवा. अल्सर, किडनीचा आजार, पेनकिलरने दम लागण्याचा इतिहास, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गरोदरपणाची शक्यता असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पावसाळ्यात अंगदुखी आणि ताप असेल, डेंग्यूची शंका असेल तर इबुप्रोफेन मुळीच नको. आणि जुलाबाने तोंड कोरडं पडलं असेल, लघवी गडद आणि थोडी होत असेल तर आधी पाणी भरून काढा, मग गोळी. कोरड्या पडलेल्या शरीरात या गोळ्या किडनीवर ताण देतात. पहिल्यांदा घेण्याआधी एकदा डॉक्टरांशी बोलून घेतलेलं बरं.

मी पाळीत नेहमीची "मेफ" वाली गोळी घेते. दुखणं जातं, पण जुलाब उलट वाढतात असं वाटतं.

तुमचं वाटणं बरोबर असू शकतं, आणि हे फार थोड्याजणींना सांगितलं जातं. मेफेनॅमिक अ‍ॅसिड हेही प्रोस्टाग्लँडिन रोखणारंच औषध आहे, दुखण्यावर ते चांगलं चालतं, पण जुलाब हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. काहींच्या आतड्याला ते मानवत नाही. आपल्याकडे पाळी म्हटलं की हीच गोळी, शिवाय आईची, बहिणीची, हॉस्टेलच्या रूममेटची तीच. म्हणून शंकाही येत नाही. ओळखायची खूण अशी: गोळी घेण्याआधी संडास होत नव्हती किंवा एखाददोनदा झाली होती आणि गोळीनंतर वाढली, आणि असं दोन-तीन महिने सलग झालं, तर गोळी बदलून बघा. इबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. दोन्ही जाती एकाच दिवशी मिसळू नका.

याच गोळीत बऱ्याचदा डायसायक्लोमिन मिसळलेलं असतं. ते आतड्याची आवळण सैल करतं, मुरडा कमी होतो, पण तोंड सुकतं आणि झापड येते. स्कूटर चालवणार असाल तर सांभाळा. आणखी एक: नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल सूचना काढली होती. क्वचित कुणाला या औषधाची गंभीर अ‍ॅलर्जी होते. घेतल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं असं झालं तर गोळी बंद करून डॉक्टरांना त्या गोळीचं नाव सांगायचं. हे दुर्मीळ आहे, घाबरून जाण्यासारखं नाही. पण इतक्या आठवड्यांपूर्वी घेतलेली गोळी कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

हे सगळं प्रत्यक्षात कसं करायचं? एक उदाहरण द्याल?

समजा, पुण्यात नोकरी करणारी चोविशीतली मुलगी आहे, पाळी साधारण २८ दिवसांनी. चोविसाव्या दिवसापासून तिचं पोट गच्च होतं, म्हणून सव्वीस-सत्तावीसला ती रात्री चूर्ण घेते. पाळीच्या दिवशी सहाला कळ येऊन जाग येते. ती उपाशीपोटी कडक चहा घेते, नऊपर्यंत तीनदा संडास. कसंबसं ऑफिस गाठते. अकराला असह्य झाल्यावर रिकाम्या पोटी मेफेनॅमिकची गोळी. दुपारी अजून दोनदा. भीतीने दिवसभर पाणीही पीत नाही आणि चारला चक्कर येते.

इथे पाच चुका एकदम सुधारायचा मोह होतो. पण मग कशाने बरं वाटलं ते कळत नाही. मी तिला पहिल्या महिन्यात फक्त दोन गोष्टी बदलायला सांगेन: चूर्णाऐवजी बाविसाव्या दिवसापासून रात्री इसबगोल, आणि पाळीच्या सकाळी चहाआधी वाटीभर तांदळाची पेज किंवा मऊ भात. चहा-कॉफीतलं कॅफिन आतडं हलवतं, एरवी ते उपयोगीही पडतं, त्या सकाळी मात्र नको. या दोन्हींनी पाच वेळांचे तीन झाले तर अर्धं उत्तर मिळालं. दुसऱ्या महिन्यात गोळीची वेळ बदलायची: सहाला कळ आली, सव्वासहाला पेज, साडेसहाला इबुप्रोफेन, पुढची अडीचला जेवण झाल्यावर. शेकायची पिशवी ओटीपोटावर. बाटलीत ओआरएस. दर महिन्याचं वहीत टिपून ठेवायचं आणि तिसऱ्या महिन्यात ती तुलना डॉक्टरांना दाखवायची. वेळेवर आणि पुरेशा मात्रेत घेऊनही दर पाचांतल्या साधारण एकीला या गोळ्यांचा पुरेसा गुण येत नाही. तसं झालं तर गोळी वाढवत न बसता पुढचा शोध घ्यायचा.

त्या दोन दिवसांत काय खावं?

पेज, मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, केळं, डाळिंब, पाणी जास्त घातलेलं ताक. तिखट रस्सा, तळण, मिसळ, कच्ची कोशिंबीर आणि दूध हे तिसऱ्या दिवसावर ढकला. बाकी काहीही पाळीच्या नावाने बंद करायची गरज नाही. लोणचं-दही वर्ज्य करण्याला आतड्याच्या दृष्टीने आधार नाही. तिखट लोणच्याने मुरडा वाढत असेल तर तेवढं टाळा.

पाण्याचं मात्र गांभीर्याने घ्या. तीनपेक्षा जास्त वेळा पातळ झाली तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून दिवसभर घोट घोट घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने घालू नका, जास्त झालं तर अपाय होतो.

शेक, सुंठ, ओवा: यातलं खरंच काय उपयोगी पडतं?

शेक नक्की. गरम पिशवीने स्नायू सैल पडतो, गर्भपिशवीचाही आणि आतड्याचाही. पिशवी रुमालात गुंडाळून, सोसेल इतकीच गरम, वीस-पंचवीस मिनिटं. झोपेत पोटावर ठेवू नका, भाजण्याचे डाग पडलेले मी पाहिले आहेत.

सुंठीवर बऱ्यापैकी अभ्यास झाले आहेत. पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रोज साधारण एक ग्रॅम, म्हणजे अर्धा चमचा सुंठपूड विभागून घेतल्याने दुखणं कमी होतं असं दिसतं. जळजळ होत असेल तर मात्र नको. ओव्याने गॅस सुटतो आणि तेवढ्यापुरतं हलकं वाटतं.

परीक्षा किंवा मोठा प्रवास असेल तर जुलाब थांबवायची गोळी चालेल?

लोपेरामाइड २ मिलिग्रॅम एखाद्या दिवसापुरती, मोठ्या माणसाने, ताप नसेल आणि शौचात रक्त नसेल तर चालते. ती आतड्याची गती कमी करते, प्रोस्टाग्लँडिनला हात लावत नाही. म्हणजे कळा तशाच राहू शकतात. दर महिन्याला तिची गरज पडत असेल तर कारणाकडे बघायची वेळ झाली.

गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली. त्यानंतरची पाळी भयंकर गेली, जुलाब आणि कळा दुप्पट. असं का?

त्या गोळीत नॉरएथिस्टेरोन असतं, प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणारं. गोळी चालू असेपर्यंत अस्तर टिकतं. बंद केली की दोन-तीन दिवसांत आधार एकदम सुटतो आणि वर सांगितलेली सगळी साखळी सुरू होते. काहींना ती नेहमीपेक्षा जोराची जाणवते. गोळी थांबवण्याचा दिवस आपल्या हातात असतो, तेव्हा त्यानंतरचे दोन-तीन दिवस मोकळे ठेवा आणि पेनकिलर पहिल्या कळेलाच घ्या. ऑरासहित, म्हणजे आधी डोळ्यांसमोर चमक दिसून येणारं मायग्रेन किंवा रक्ताची गुठळी होण्याचा इतिहास असेल तर ही गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका.

गर्भनिरोधक गोळ्यांनी किंवा कॉपर-टीने यात फरक पडतो का?

पडतो, आणि उलटसुलट. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी अस्तर पातळ राहतं. अस्तर कमी म्हणजे प्रोस्टाग्लँडिन कमी, म्हणून कळा आणि जुलाब दोन्ही उतरतात. हार्मोनवाल्या लूपचंही तसंच. कॉपर-टीने मात्र पहिले काही महिने रक्तस्राव आणि कळा वाढू शकतात. गोळ्या घेत असताना २४ तासांहून जास्त जोराचे जुलाब झाले तर गोळी अंगी लागली नसेल असं धरून, चुकलेल्या गोळीचे पाकिटावरचे नियम पाळा.

मला आयबीएस आहे असं सांगितलंय. पाळीत तो वाढतो का?

हो. आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा आधीच हळव्या असतात आणि पाळीत त्या जास्तच हळव्या होतात. फरक असा की आयबीएस महिन्याच्या इतर दिवसांतही डोकं वर काढतो. निव्वळ पाळीचं असेल तर ते तीन दिवस सोडून पोट शांत असतं.

कधी समजायचं की हे नुसतं पाळीचं नाही?

इथे थोडं थांबून वाचा. पाळीत शी करताना गुदद्वारात खोल सुरी खुपसल्यासारखी कळ येणं, पाळीच्याच दिवसांत शौचातून रक्त जाणं, संबंधाच्या वेळी खोलवर दुखणं, मूल राहायला अडचण, वर्षागणिक दुखणं वाढत जाणं: यातलं काही असेल तर एंडोमेट्रिओसिसचा विचार करायला हवा. यात गर्भपिशवीच्या अस्तरासारखा ऊतक गर्भपिशवीबाहेर, कधी आतड्यावरही वाढतो आणि तोही दर महिन्याला सुजतो. साधी सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून तो नाही असं ठरत नाही. या आजाराचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडून आतून केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय जास्त सांगतो. "लग्न झालं की बरं होईल" असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. सल्ला म्हणून ते वाक्य कुचकामी आहे आणि त्यात मुलींची वर्षं जातात.

पाळीचं साधं दुखणं बहुधा पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत लागतं. आधी कधी दुखलं नाही आणि पंचविशी-तिशीनंतर नव्याने सुरू झालं, तर ते तपासून घ्यायलाच हवं. तसंच जुलाबाने रात्री झोपेतून उठावं लागणं, वजन घटणं, ताप, पाळी संपल्यावरही जुलाब चालू राहणं, आणि घरात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा इतिहास. उभं राहिल्यावर अंधारी येत असेल आणि काहीच पोटात ठरत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शौचात दिसलेलं रक्त पाळीचं की आतड्यातलं, ते कसं कळणार?

टॅम्पॉन किंवा कप वापरत असाल तर तो आत असताना बघा. नाहीतर आधी पुढचा भाग धुऊन, पॅड बदलून, मग बसा. मलाला चिकटलेलं किंवा त्यात मिसळलेलं रक्त पाळीचं नसतं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शी काळी होते, तो रक्ताचा रंग नव्हे. पण गोळ्या नसताना डांबरासारखी काळी, चिकट शी झाली तर त्याच दिवशी दाखवा.

डॉक्टरांसमोर एवढं सगळं कसं सांगू? लाज वाटते.

तीन पाळ्यांची नोंद घेऊन जा, बोलावं कमी लागतं. तारीख, पाळीचा कितवा दिवस, किती वेळा संडास, घट्ट की पातळ, दुखणं दहापैकी किती, कुठली गोळी किती वाजता. नोंद पाळीच्या दोन दिवस आधीपासून ठेवा, त्या दिवसांतच बरंच दिसतं. आत गेल्यावर सुरुवात अशी करा: "पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत मला पाच वेळा जुलाब होतात, शी करताना दुखतं किंवा दुखत नाही, आणि मी अमुक गोळी घेते." यातलं "दुखतं की नाही" आठवणीने सांगा, कारण पुढच्या तपासण्या करायच्या की नाहीत हे बरंचसं त्यावर ठरतं.